सात दशांशांचा निकाल आणि न तपासलेलं एक गृहीतक : सीईटी कक्षाला खुलं पत्र

प्रति,
माननीय आयुक्त,
राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्ष, मुंबई

विषय : एमएचटी-सीईटीच्या वेगवेगळ्या सत्रांतील गुणांचं नॉर्मलायझेशन

महोदय,

मी एका तालुक्याच्या गावातल्या ज्युनिअर कॉलेजात अकरावी-बारावीला गणित शिकवतो. निकाल लागला की दोन-चार दिवस माझ्या घरी मुलांची आणि पालकांची रीघ असते. रिस्पॉन्स शीट आणि आन्सर की ताडून मुलांनी आपले मार्क आधीच काढलेले असतात. मग प्रश्न येतो, "सर, मला एकशे बेचाळीस आहेत, त्याला एकशे अठ्ठावन्न. मग माझं पर्सेंटाइल जास्त कसं?" किंवा याच्या उलट, आणि उलट विचारणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असतं. दोघांनाही मी तेच उत्तर देतो. तुमची शिफ्ट वेगळी, तुमचा पेपर वेगळा, तुलना फक्त आपापल्या शिफ्टमधल्या मुलांशी. हे उत्तर खरं आहे. पण ते पुरेसं नाही, आणि त्याचा उरलेला अर्धा भाग माझ्याकडे नाही, तो आपल्या सर्व्हरवर आहे. म्हणून हे पत्र आपल्याला लिहितो आहे. उघड लिहितो, कारण हा प्रश्न माझ्या एकट्याच्या दारात येत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. पर्सेंटाइल ही लबाडी आहे असं माझं म्हणणं नाही. निकालाच्या आठवड्यात तसं म्हणणारे पुष्कळ भेटतात, त्यांच्याशी मी वादही घालतो. २०१८ पर्यंत सीईटी एकाच दिवशी ओएमआर शीटवर व्हायची. २०१९ पासून ती संगणकावर, अनेक दिवसांत, सकाळ-दुपारच्या सत्रांत होते. पेपर वेगळे झाले की नुसते मार्क शेजारी ठेवणं हा अन्याय होतो, हे उघड आहे. अवघड पेपरातले १४२ हे सोप्या पेपरातल्या १५८ पेक्षा भारी असू शकतात. आपलं सूत्र साधं आहे : आपल्या सत्रात आपल्याइतके किंवा आपल्यापेक्षा कमी गुण मिळवणारे किती, त्याला सत्रात हजर असलेल्यांच्या संख्येनं भागायचं आणि शंभरनं गुणायचं. मग सगळ्या सत्रांची पर्सेंटाइल एकत्र करून गुणवत्ता यादी. यात पेपर किती अवघड होता हे कुणी मोजतच नाही. मोजायची गरजही पडत नाही, कारण सूत्र गृहीत धरतं की प्रत्येक सत्रात बसलेली मुलं, समूह म्हणून, सारख्याच तयारीची आहेत. सत्रं सारखी असतील तर गुणांतला फरक हा पेपरचाच फरक. सगळी इमारत या एका गृहीतकावर उभी आहे, आणि माझं पूर्ण पत्र त्याबद्दलच आहे.

ते गृहीतक अगदी तंतोतंत खरं मानलं, तरी काय होतं ते आधी पाहू. समजा, सव्वाचार लाखांच्या आसपास मुलं पीसीएमला बसली आणि संगणकानं कोणताही भेदभाव न करता त्यांना पंचवीस-पंचवीस हजारांच्या सत्रांत वाटलं. एक मुलगी अशी आहे की सगळ्यांनी एकच पेपर दिला असता तर तिला ९९.५ पर्सेंटाइल मिळाले असते. म्हणजे राज्यात तिचा क्रमांक साधारण २,१०० वा. तिच्या सत्रात तिच्यापेक्षा हुशार मुलं सरासरी १२५ यायला हवीत. पण पत्ते कितीही नीट पिसले तरी प्रत्येकाच्या हातात एक्के सारखे येत नाहीत. बारावीच्या संख्याशास्त्रातलं द्विपद वितरण लावा : प्रमाण विचलन अकराच्या आसपास येतं. दोन विचलनं इकडे-तिकडे धरली, तर एखाद्या सत्रात अशी १०३ मुलं येतील, एखाद्यात १४७. पर्सेंटाइल ९९.५९ पासून ९९.४१ पर्यंत कुठेही पडू शकतं. राज्याच्या यादीत ते १,७२५ ते २,४७५ असं होतं. मुलगी तीच, अभ्यास तोच, चूक कुणाचीच नाही, आणि क्रमांकात सुमारे साडेसातशेचा फरक केवळ ती कोणत्या सत्रात बसली यावरून. पहिल्या फळीच्या सरकारी कॉलेजांत दोन शाखांच्या कटऑफमधलं अंतर कित्येकदा दशांश चिन्हानंतरच्या दुसऱ्या आकड्यात असतं. म्हणजे ही शाखा की ती, पुणे की गावाजवळचं कॉलेज, याचा निर्णय या डळमळीत जागेत होतो.

आणि गुणपत्रकावर आपण पर्सेंटाइल छापता ते सात दशांश स्थळांपर्यंत. पंचवीस हजारांच्या सत्रात एक विद्यार्थी म्हणजे ०.००४. त्यापुढचे आकडे भागाकारातून आलेले असतात, मुलाच्या गणितातून नव्हे. सात दशांशांचा उपयोग मला कळतो : दोन सत्रांतली मुलं एकाच क्रमांकावर अडकू नयेत. पण वाचणाऱ्याला ते आकडे अचूकतेची खात्री देतात, जी तिथे नाही. विज्ञान शाखेतल्या मुलानं प्रयोगवहीत वर्नियर कॅलिपरचं वाचन सात दशांशांत लिहिलं तर आम्ही लाल शाई वापरतो.

ही झाली गृहीतक शंभर टक्के खरं असतानाची अवस्था. ते मोडतं तेव्हा काय होतं, ते जास्त गंभीर आहे.

पर्सेंटाइलमध्ये तुमच्या पुढे कोण आहे याइतकंच तुमच्या मागे कोण बसलं आहे हेही मोजलं जातं. पंचवीस हजारांच्या सत्रात एखाद्या मुलाच्या पुढे ५०० मुलं आहेत. त्याचं पर्सेंटाइल बरोबर ९८. आता समजा, त्या सत्राला तयारी नसलेली दोन हजार मुलं आलीच नाहीत. पुढची ५०० मुलं तीच आहेत, त्याचा पेपरही तोच आहे. पण भागायचं आता २३ हजारांनी, आणि त्याच्या बरोबरीचे व मागचे उरले २२,५००. पर्सेंटाइल ९७.८३. राज्याच्या यादीत सातशेहून जास्त मुलं त्याच्या पुढे गेली, आणि त्यानं एकही उत्तर वेगळं दिलेलं नाही.

हे पुस्तकी उदाहरण वाटू नये म्हणून २०२५ ची आठवण करून देतो. २७ एप्रिलच्या सकाळच्या सत्रात गणिताच्या पन्नासपैकी २१ प्रश्नांत चुका निघाल्या. कक्षानं त्या सत्रातल्या २७ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांची फेरपरीक्षा ५ मे रोजी घेतली. ती घेणं योग्यच होतं. चुकीच्या प्रश्नाचे गुण सगळ्यांना वाटून टाकायची नेहमीची पद्धत एखाद-दुसऱ्या प्रश्नाला चालते, एकवीस प्रश्नांना नाही. शंभरपैकी बेचाळीस गुण सगळ्यांना सारखे दिले असते तर परीक्षाच उरली नसती. पण फेरपरीक्षेला नॉर्मलायझेशनच्या नजरेनं पाहा. पुन्हा यायचं कोण टाळतं? ज्याचं जेईईवर निभावलं आहे तो टाळेल, आणि ज्याला स्वतःकडून फारशी आशा नाही तोही टाळेल. पहिला गळाला तर मागच्यांचा फायदा, दुसरा गळाला तर वरच्यांचा तोटा. दोन्ही गळती एकमेकांना खोडून काढतात की नाही, हे अंदाजानं सांगता येत नाही, मोजावं लागतं. त्या सत्राला मूळ दिवशी किती जण होते, फेरपरीक्षेला किती आले, आणि न आलेल्यांचे दहावी-बारावीचे गुण कोणत्या पट्टीत होते, एवढी तीन उत्तरं मिळाली की शंका फिटते किंवा पक्की होते.

आता २०२६ पासून पीसीएम आणि पीसीबीची सीईटी वर्षातून दोनदा घ्यायचं जाहीर झालं आहे. पहिली संधी एप्रिलमध्ये सर्वांना, दुसरी मेमध्ये ऐच्छिक, आणि दोन्हींतलं जास्त पर्सेंटाइल धरायचं. मुलांवरचा ताण कमी करण्याचा हेतू चांगला आहे. एकाच दुपारच्या तापावर वर्ष वाया जाऊ नये, हे मलाही वाटतं. पण गृहीतक इथे किती ताणलं जातं याचा विचार झाला आहे का? पहिल्या परीक्षेतल्या सत्रांत निदान नशिबानं वाटणी होते. दुसऱ्या परीक्षेला कोण येतं हे मुलं स्वतः ठरवतात. पहिल्याच फेरीत मनासारखं पर्सेंटाइल मिळालेले येणार नाहीत, खासगी कॉलेजात जागा नक्की समजून बसलेले येणार नाहीत, शुल्क आणि प्रवास परवडत नसलेले येणार नाहीत. उरतील ते बहुतेक जिद्दीनं सुधारणा करू पाहणारे. या गर्दीतलं ९५ आणि एप्रिलच्या गर्दीतलं ९५ हे एकच माप नाही. दुसऱ्या फेरीतून मागची मुलं जास्त गळाली तर तिथे तेवढ्याच तयारीला कमी पर्सेंटाइल मिळेल. वरची जास्त गळाली तर जास्त मिळेल. जेईई मेनमध्येही दोन सत्रं आणि चांगला स्कोअर धरायची पद्धत आहे, हे मला माहीत आहे. तिथे हाच प्रश्न आहे. दुसऱ्याकडे तो आहे म्हणून आपल्याकडे तो राहत नाही असं होत नाही.

आणखी एक मुद्दा पेपरच्या काठिण्याचा आहे, आणि तो पर्सेंटाइल सोडवूच शकत नाही. सोप्या पेपरात वरची मुलं १८५ ते २०० च्या पट्ट्यात दाटीवाटीनं बसतात. तिथे गणिताचा एक प्रश्न घाईत चुकला, दोन गुण गेले, की समजा साठ मुलं पुढे जातात. अवघड पेपरात त्याच उंचीवर मुलं विरळ असतात, तिथे त्याच चुकीनं पंधरा पुढे जातील. पहिल्याचं ०.२४ जातं, दुसऱ्याचं ०.०६. क्रमांकात पहिल्याला हजार, दुसऱ्याला अडीचशे. उलट बाजूही आहे. सीईटीत निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे येत नसलेला प्रश्न कुणी सोडत नाही, आणि सोडूही नये. सोप्या पेपरात एखाद्याला गणितात पाच प्रश्न ठोकावे लागले तर नशिबाचा खेळ दोनेक गुण वर-खाली. अवघड पेपरात वीस ठोकावे लागले तर तो चार गुणांच्या आसपास जातो. म्हणजे सोपा पेपर निष्काळजीपणाला अवास्तव शिक्षा करतो आणि अवघड पेपर नशिबाला अवास्तव बक्षीस देतो. पर्सेंटाइल या दोन्ही रांगा जशाच्या तशा उचलून एकमेकींशेजारी ठेवतं. म्हणून "नॉर्मलायझेशन आहे, पेपर कसाही निघाला तरी चालेल" हा सूर मला पटत नाही. पेपर सारखे काढणं हे पहिलं काम, सूत्र हे त्यानंतरचं.

न्यायालयांनाही हे दिसू लागलं आहे. ३० मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं नीट-पीजी दोन सत्रांत न घेता एकाच सत्रात घ्यायला सांगितलं. दोन पेपरांची काठिण्य पातळी कधीच एक नसते, आणि नॉर्मलायझेशन हा अपवादाचा उपाय आहे, नेहमीचा रिवाज नाही, असा त्या आदेशाचा आशय होता. परीक्षा पुढे ढकलून ३ ऑगस्टला एकाच सत्रात झाली. त्याआधी नोव्हेंबर २०२४ मध्ये प्रयागराजला हजारो उमेदवार रस्त्यावर उतरले, तेव्हा उत्तर प्रदेश लोकसेवा आयोगानं पीसीएस पूर्वपरीक्षा एकाच दिवशी घेण्याचं मान्य केलं. पण मी ही मागणी आपल्याकडे करत नाही. नीट-पीजीचे उमेदवार अडीच लाखांच्या घरात होते, आपले फक्त पीसीएमचे सव्वाचार लाख. एवढे चांगले संगणक आणि एवढी भरवशाची केंद्रं एका वेळी राज्यात मिळतील असं मला वाटत नाही. घाईत सायबर कॅफेच्या दर्जाची केंद्रं घेतली तर आजारापेक्षा औषध वाईट. आणि ओएमआरकडे परत जा म्हणावं, तर नीट-यूजी २०२४ च्या पेपरफुटीनंतर ते तोंडातून निघत नाही. सत्रं राहणार, हे धरूनच मी मागतो आहे.

माझ्या मागण्या चार आहेत.

पहिली, निकालासोबत प्रत्येक सत्राचं एक पान प्रसिद्ध करा. नोंदणी किती, हजर किती, सरासरी गुण, प्रमाण विचलन, आणि ५०, ८०, ९०, ९५, ९९ पर्सेंटाइलला किती गुण लागले. कुणाचं नाव नको, बैठक क्रमांक नको, त्यामुळे कुणाची खासगी माहिती उघड होत नाही. मुलानं १४२ ला ९७ का मिळाले हे विचारलं की मी ते पान त्याच्यासमोर ठेवेन. निम्म्या अफवा तिथेच संपतील.

दुसरी मागणी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. सत्रं खरोखर सारखी होती का, हे तपासा आणि तपास प्रसिद्ध करा. हे अवघड नाही. प्रवेशाच्या कॅप राउंडसाठी नोंदणी होते तेव्हा विद्यार्थ्यांचे बारावीचे गुण यंत्रणेत येतातच. प्रत्येक सत्रातल्या मुलांच्या बारावीच्या पीसीएम गुणांचा मध्यक आणि वरच्या पाच टक्क्यांची सीमा काढा, बोर्डनिहाय वेगळी काढा. सत्रं नीट पिसलेली असतील तर हे आकडे जवळजवळ जुळतील. एखाद्या सत्रात ते ठळकपणे वर किंवा खाली असतील, तर त्या सत्राच्या मुलांना पर्सेंटाइलनं न्याय दिलेला नाही, हे निकाल लागल्यावर तरी कळेल. सत्रवाटप नक्की कशावर होतं, जिल्ह्यावर, केंद्राच्या क्षमतेवर, फॉर्म भरल्याच्या तारखेवर की निव्वळ यादृच्छिक, हेही त्याच पानावर एका परिच्छेदात लिहा. फॉर्म लवकर भरणारी मुलं आणि शेवटच्या दिवशी भरणारी मुलं सारखी नसतात, हे कोणताही वर्गशिक्षक सांगेल.

तिसरी, दोन परीक्षांना जोडणारा दुवा ठेवा. जगभरच्या मोठ्या परीक्षांत यासाठी अँकर प्रश्न वापरतात : प्रत्येक पेपरात काही प्रश्न समान, गुप्त ठेवलेले. त्यांच्या उत्तरांवरून समूह हुशार होता की पेपर सोपा होता, हे वेगळं करता येतं. आठवडाभर चालणाऱ्या परीक्षेत समान प्रश्न फुटतील, ही भीती रास्त आहे. सकाळी परीक्षा दिलेली मुलं दुपारपर्यंत आठवतील ते सगळं टेलिग्रामवर टाकतात. पण एप्रिल आणि मे यांच्यामध्ये दुसरा दुवा आपोआप तयार होणार आहे : दोन्ही परीक्षा देणारी मुलं. सरावामुळे त्यांचं थोडं सुधारतं हे वजा करून, तीच मुलं दोन्हीकडे कुठे पडली यावरून दोन्ही पट्ट्या जुळवता येतात. हे न करता दोन पर्सेंटाइलमधलं मोठं उचलायचं, म्हणजे इंच आणि सेंटिमीटरमधला मोठा आकडा उचलण्यासारखं होईल. संख्याशास्त्राचे जाणकार विद्यापीठांत आहेत. त्यांची छोटी समिती नेमा आणि पद्धत दुसऱ्या परीक्षेच्या आधी जाहीर करा, निकालानंतर नको.

चौथी, शंका विचारण्याचा खर्च. आन्सर कीवरच्या एका हरकतीसाठी हजार रुपये भरावे लागतात. माझ्या वर्गात शेतमजुरांची मुलं आहेत. प्रश्न चुकला आहे याची त्यांना खात्री असते, हजार रुपयांची नसते. हरकत बरोबर ठरली तर पैसे परत करा. पेपरातली चूक शोधून देणाऱ्यानं त्याची किंमत का भरावी, याचं उत्तर मला देता येत नाही.

यातल्या पहिल्या दोन मागण्यांना नवा नियम, नवा निधी किंवा नवी यंत्रणा लागत नाही. माहिती आपल्याकडे आहे. एका दुपारचं काम आहे. या वर्षी निकालाच्या दिवशीच ते पान संकेतस्थळावर आलं, तर मी ते छापून वर्गाच्या फळ्याशेजारी लावेन आणि त्यावर संख्याशास्त्राचा एक तास घेईन. आलं नाही, तर माहिती अधिकाराचा अर्ज करेन. दहा रुपये लागतात, हरकतीपेक्षा स्वस्त आहे.

आपला,
बारावीला गणित शिकवणारा एक शिक्षक